टीममधलं चांगलं माणूस बाहेरची ऑफर घेऊन पगारवाढ मागायला आलं तर काय करायचं

समजा टीममधली मुलगी येऊन म्हणाली, "सर, मला बाहेरून 17 लाखांची ऑफर आहे, पण इथेच राहायला आवडेल, काही होईल का?" तर तिथल्या तिथे हो म्हणू नका आणि चिडूही नका. "सांगितलंस ते बरं केलंस, परवा उत्तर देतो" म्हणा आणि परवा खरंच द्या, कारण तिला तिकडे ठरलेल्या तारखेपर्यंत कळवायचं असतं.

दुसऱ्या दिवशी निवांत बसून विचारा, की मुळात इंटरव्ह्यू द्यायला का गेलीस. हे मी एकदा विचारलंच नव्हतं, सरळ ऑफर मॅच केली आणि पोरगा सात महिन्यांत गेलाच, जाताना कळलं की रात्रीचे सपोर्ट कॉल सतत त्याच्याच गळ्यात पडत होते. पगार वाढला पण कॉल तेच राहिले ना!

मग आकडा सोडवा. ऑफर लेटर दाखवच असा हट्ट नको, फक्त ब्रेकअप विचारा. 17 मध्ये 1 लाख जॉइनिंग बोनस निघाला, तो एकदाच मिळणार, आणि दीड लाख व्हेरिएबल, म्हणजे फिक्स्ड साडेचौदा. आत्ता तिला फिक्स्ड 12 आहेत, तर खरा फरक 5 नाही, अडीच लाखांचा.

आता तिच्याच लेव्हलच्या बाकीच्यांचे पगार काढा, इथेच बहुतेक जण चुकतात. अजून तिघं 12 वरच असतील तर तिला वाढवलेलं त्यांना आज ना उद्या कळतंच, मग त्यांनाही द्यावे लागले तर वर्षाला अडीच नाही, 10 लाखांचा खर्च झाला, आणि नाही दिले तर पुढच्या अप्रेझलला तिघंही लेटर घेऊन येतील कारण पगार वाढवायचा रस्ता तुम्हीच दाखवलात. म्हणून मी स्वतःला विचारतो, ही ऑफर नसती तरी या कामाचे साडेचौदा दिले असते का? हो असेल तर तिला द्या आणि बाकीच्यांचं कधी करणार ते आजच ठरवा. नसेल तर स्पष्ट नाही सांगा, "पुढच्या वर्षी बघू" नको.

द्यायचं ठरलं तर नवीन पगार आणि कुठल्या महिन्यापासून ते लेखी द्या, आणि तिचीही अडचण रात्रीचे कॉलच असेल तर ते कोणाकडे जाणार तेही त्याच मेलमध्ये लिहा. तिने आधीच राजीनामा दिला असेल तर तो मागे घेतल्याचा मेल घ्या, कारण नोटीस पिरियड 90 दिवसांचा असला की तुमचं लेटर दाखवून तिकडे अजून वाढवून घेता येतं, असं होतं.

थांबली तरी तिचं काम दुसऱ्या कोणालातरी शिकवायला लागा, पण "ही जाणारच" म्हणून नवीन प्रोजेक्टमधून तिला बाजूला काढू नका, तसं केलंत तर ती नक्की जाईल. आणि नाही म्हणालात तर रिलीव्हिंग लेटर वेळेत द्या, उरलेले तिघं ते बघत असतात.