गाण्याची लिंक पाठवताना या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक म्हणजे लिंक स्वतःच्याच फोनवर तपासून ‘चालते’ असे ठरवणे. आपल्या फोनवर आपले खाते सुरू असते, त्यामुळे गाण्यांची यादी खासगी असली तरी आपल्याला ती दिसतेच. समोरच्याला काय ऐकू येईल, हे त्यावरून काहीच कळत नाही.

फोंड्याजवळच्या आमच्या भजनी मंडळात चतुर्थीच्या तयारीसाठी एका उत्साही तरुणाने यूट्यूबवर अभंगांची आणि आरत्यांची यादी केली आणि पहिला अभंग सुरू असतानाच वरची लिंक उचलून गटावर टाकली. यादी Private होती. अशा लिंकमध्ये `v=` नंतर एका व्हिडिओची खूण असते आणि `list=` नंतर यादीची. व्हिडिओ सार्वजनिक असल्यामुळे पहिला अभंग सर्वांना नीट ऐकू आला आणि कोणालाच शंका आली नाही. यादी मात्र उघडली नव्हती, म्हणून पुढे यूट्यूबने आपल्या मनाने जे लावले, ते लोक ऐकत राहिले. सरावाला आमचे पखवाजवाले बुवा भलत्याच चालीची आरती बसवून आले आणि वर म्हणाले, “तूच धाडलेली ना रे!”

खाते काढा, अ‍ॅप घाला, असे सल्ले बुवांना देण्यात अर्थ नव्हता, कारण दोष पाठवणाऱ्याचा होता. यादीच्या सेटिंगमध्ये Private च्या जागी Unlisted निवडले की ज्याच्याकडे लिंक आहे त्याला, खाते नसले तरी, यादी उघडता येते. जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात. लिंकही चालू गाण्यावरून न घेता यादीच्या पानावरून घ्यावी, म्हणजे यादी बंद असल्यास ते लगेच उघडकीस येते. `list=WL` असेल तर ती तुमची ‘नंतर पाहा’ यादी असते आणि ती दुसऱ्या कोणालाही दिसत नाही.

स्पॉटिफायची लिंक खाते नसलेल्याला पाठवणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. त्याला गाण्यांची नावे दिसतात, पण पूर्ण गाणी ऐकण्यासाठी खाते लागते. एखाद्या संकेतस्थळावर बसवलेल्या स्पॉटिफायच्या खिडकीत फार तर तीसेक सेकंदांचा तुकडा वाजतो. अ‍ॅपल म्युझिकच्या पानावरही वर्गणी नसलेल्याला तुकडाच मिळतो. विलंबित आलाप संपण्याआधीच तो थांबतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, आपलेच नेट गेले.

माझी सवय अशी आहे की लिंक आधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत चिकटवायची, कुठेही लॉगिन न करता वाजवायची आणि दुसरे गाणे सुरू होईपर्यंत ऐकायची. घाईच्या लोकांना पहिल्या पाच सेकंदांतच समाधान वाटते, पण यादीतला बिघाड पहिले गाणे संपल्याशिवाय कळत नाही आणि तुकड्याचा बिघाड अर्धे मिनिट उलटल्याशिवाय कळत नाही. वयोमर्यादेची खूण असलेला व्हिडिओ लॉगिनशिवाय चालत नाही, तोही याच तपासणीत सापडतो. आखातातल्या नातेवाइकांना पाठवताना मात्र ही तपासणी पुरत नाही, कारण काही गाण्यांचे हक्क देशानुसार असतात आणि इथे वाजलेले गाणे तिथे बंद असू शकते; तेव्हा त्यांच्याकडूनच एकदा वाजवून घ्यावे.