घामेजलेल्या अंगावर मोठे जॅकेट: थंडीच्या चढाईत थांब्यावर ऊब कशी राखावी

मराठवाड्यातून हिवाळ्यात केदारकंठ्याला जाणारे बरेच जण अंगाबरोबर बसणारे एकच जाड जॅकेट घेतात आणि तेच घालून चढतात. परभणीच्या गारठ्यात ते चालून जाते. पण सुमारे 12,500 फुटांच्या त्या शिखराकडे पहाटेच्या अंधारात चढताना आतले कपडे घामाने भिजतात. थांबले की अंगात ऊब तयार होणे कमी होते, घाम मात्र वाळतच राहतो आणि वाळताना अंगाची उष्णता ओढून नेतो. म्हणून चालताना कमी कपडे घाला आणि थांब्यासाठी वेगळे, ढगळ, फुगीर जॅकेट सॅकमध्ये ठेवा.

घ्यायला जाताना थर्मल, फ्लीस आणि विंडचीटर, तिन्ही घालूनच दुकानात जा. जॅकेट या सगळ्यावरून चढले पाहिजे, त्यामुळे नेहमीपेक्षा एक-दोन साइज मोठे लागेल. चेन लावून दोन्ही हात वर करा. कंबर उघडी पडली किंवा खांद्यात ओढ बसली तर ते लहान आहे. घट्ट जॅकेटमध्ये भरण दबते, त्यात अडकलेली हवा कमी होते आणि ऊबही घटते. हूड कानटोपीवरून सहज यायला हवे.

भरण शक्यतो सिंथेटिक घ्या. आतल्या ओल्या कपड्यांची वाफ याच जॅकेटमध्ये शिरते. पिसांचे भरण हलके असते, पण ओले झाले की त्याच्या गाठी होतात आणि ते फुगत नाही. हाताला पोकळ, चपटे कप्पे लागले की समजावे, ऊब गेली.

जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा. तळाशी असले तर ते शोधण्यातच अंग गार पडते.

समजा, दहा मिनिटांचा थांबा आहे. सॅक उतरवताच, पाणी पिण्याआधी, विंडचीटरवरूनच जॅकेट चढवा. विंडचीटर काढत बसू नका, तेवढ्यात वारा ओल्या पाठीला लागतो. चेन गळ्यापर्यंत, हूड डोक्यावर. ओले हातमोजे जॅकेटच्या आत छातीशी ठेवा. मग खाणेपिणे. थंडी वाजेपर्यंत वाट पाहिली तर गेलेली ऊब परत यायला फार वेळ लागतो. निघताना सॅक आवरून झाल्यावर, अगदी शेवटी जॅकेट काढा. पहिली काही मिनिटे गार वाटेल, ते सोसा. अंगावर ठेवून चढलात तर जॅकेटच घामाने भिजेल आणि पुढच्या थांब्याला उपयोगी पडणार नाही.

हा सगळा क्रम डिसेंबरच्या सकाळी दौलताबादच्या किल्ल्यावर सॅक घेऊन चढताना करून पाहा. हातमोजे घालून चेन लागते का, तेही तिथेच कळेल.

छोट्या थांब्यावर आतले कपडे अंगाच्या उबेने थोडेफार वाळतात. पण मुक्कामी पोहोचल्यावर एवढ्यावर भागवू नका. तंबूत शिरताच ओला थर्मल बदला, कोरडा घाला आणि त्यावर जॅकेट.