ब्रेडचा उंडा ४०० ग्रॅमचा घेतला आणि तिथंच नापास झालो

मालवणात एका बेकरीत अप्रेंटिस म्हणून लागलो तेव्हा पहिले सहा महिने काटा फक्त गिऱ्हाईकाला खारी तोलून देण्यासाठी वापरला जातो, असंच मला वाटायचं. मैदा पोत्याच्या हिशोबानं, पाणी बादलीनं, मीठ ओंजळीनं. एकदा वजन करायला गेलो तर उस्ताद म्हणाले, "वजन कित्याक करतंस? हाताक कळता." त्यांच्या हाताला खरंच कळायचं. रोजचा लादीपाव कधी बिघडला नाही. मला वाटलं, आपणही तयार झालो.

ट्रेड टेस्टला प्रात्यक्षिकात ब्रेड सांगितला: भाजून ४०० ग्रॅमचा. मी ४०० ग्रॅमचा उंडा तोलून टिनात टाकला. फुगला छान, रंगही आला. गार झाल्यावर परीक्षकांनी काट्यावर ठेवला तर ३५२. भट्टीत पाणी उडून जातं हे मला माहीत होतं, पण आमच्याकडे पाव नगावर विकला जातो, त्यामुळे ते किती उडतं हे कधी बघितलंच नव्हतं. लेखी पेपरात तर मीठ २ टक्के म्हणून सगळ्या पिठाच्या गोळ्याचे २ टक्के काढले. नापास. घरी सांगायला दोन दिवस लागले, आणि आजही तो आकडा आठवला की पोटात ढवळतं.

म्हणून हे सावकाश वाचा. बेकरीतली टक्केवारी नेहमी मैद्यावर असते. मैदा म्हणजे १००, बाकी सगळं त्या मैद्याच्या किती टक्के ते. त्यामुळे बेरीज १०० येत नाही, आणि यायला नकोच. समजा मैदा १००, पाणी ६०, यीस्ट २, मीठ २, साखर ३, तूप ३. बेरीज १७०. आता भाजून ४०० ग्रॅमचे ८ ब्रेड हवेत आणि घट १२ टक्के धरायची आहे. भाजलेलं वजन ३२०० ग्रॅम. हे वजन म्हणजे कच्च्या उंड्याचे उरलेले ८८ टक्के, म्हणून ३२०० ला ०.८८ ने भागायचं: ३६३६ ग्रॅम. इथंच दुसरा खड्डा आहे. बरेच जण ४०० वर १२ टक्के चढवून ४४८ चा उंडा घेतात. त्याची १२ टक्के घट झाली की ३९४ उरतात, ६ ग्रॅम कमीच. घट कच्च्या वजनावर होते, भाजलेल्यावर नाही. एका ब्रेडचा उंडा ४५५ हवा.

मग ३६३६ ला १.७० ने भागा: मैदा २१३९ ग्रॅम. त्यावरून पाणी १२८३, यीस्ट ४३, मीठ ४३, साखर ६४, तूप ६४. शेवटी सगळं जमवून बघा, परत ३६३६ यायला हवं. नाही आलं तर पुढं जाऊ नका. मी पेपरात केलं तसं मीठ एकूण वजनावर काढलं तर ते ७३ ग्रॅम होतं. एवढ्या मिठानं यीस्ट मंदावतं, पीठ जड राहतं आणि आपण उगाच भट्टीला दोष देतो.

दुसऱ्या वेळी मी गाईड उघडलं नाही. "हमखास येणारे प्रश्न" पाठ करून आकडेमोड येत नाही, हे माझं ठाम मत आहे. त्याऐवजी वही घेतली आणि महिनाभर रोज एक नग तोलला: कच्चा, आणि पूर्ण गार झाल्यावर भाजलेला. गरम ब्रेड तोलू नका, त्यातली वाफ निघतच असते. वहीत एक गोष्ट दिसली. लादीपाव एकमेकांना चिकटून भाजतात, बाजू झाकलेल्या राहतात, म्हणून घट कमी. कडक पाव सुटा आणि जास्त वेळ भाजतो, त्याची घट जास्त. म्हणजे १२ हा आकडा देवानं दिलेला नाही. पेपरात दिला असेल तो घ्यायचा, दुकानात आपला मोजायचा. पावसाळ्यात मैदा दमट होतो, तेव्हा पाणी ६० ऐवजी ५८ वर आणावं लागलं, हेही त्याच वहीत सापडलं.

उस्तादांवर माझा राग नाही. हाताचं शिक्षण त्यांच्याशिवाय कुणी दिलं नसतं. पण त्यांचा हात परीक्षेच्या टेबलावर येत नाही. वजन तुम्हालाच सांगावं लागतं.

दुसऱ्यांदा माझा ब्रेड गार होऊन काट्यावर गेला तेव्हा आकडा ४०३ आला आणि मी पास झालो. गणित कच्चं असलं तरी घाबरू नका, मला भागाकारसुद्धा वहीवर चार वेळा करावा लागायचा. फक्त परीक्षेच्या दिवशी काट्यावर रिकामं भांडं ठेवून आधी शून्य करा. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलानं भांड्यासकट मीठ तोललं होतं.