पाइपातल्या वाळू-गाळणीच्या चाचणीआधीची तयारी

कॅपस्टोन प्रोजेक्टसाठी पाण्याची गाळणी निवडली असेल, तर ४ इंची पीव्हीसी पाइपात वाळू भरून उभी केलेली गाळणी हा सगळ्यात स्वस्त आणि शिकण्यासारखा नमुना आहे. यादीत पहिलं नाव पाइपाचंच ठेवा: साधारण एक मीटर लांब, खालचं तोंड टोपीने बंद, आणि आतली भिंत जाड पॉलिश पेपरने घासून खरखरीत केलेली. हे घासणं टाळू नका. गुळगुळीत भिंतीला लागून पाणी सरळ खाली उतरतं आणि वाळूला शिवतही नाही. बाहेर पडणारी नळी तळातून काढून वर वळवा, तिचं तोंड वाळूच्या पृष्ठभागापेक्षा ५ सेंमी वर ठेवा. त्यामुळे पुरवठा थांबला तरी वाळू कोरडी पडत नाही. वरच्या बाजूला एक ओव्हरफ्लोचं भोक पाडा, म्हणजे पाण्याची उंची चाचणीभर एकसारखी राहील. उंची बदलली की प्रवाह बदलतो, आणि मग दोन गटांच्या गाळण्यांची तुलनाच होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ वाळूसाठी राखून ठेवा. आपल्याकडे हाताशी असते ती बहुधा बेसाल्टची क्रश सँड, आणि तिच्यात दगडाची भुकटी भरपूर असते. सिव्हिलच्या लॅबमधल्या ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली आणि १५० मायक्रॉनवर अडकलेली वाळू घ्या. पाइपाचा आतला व्यास १०४ मिमी धरला तर ५० सेंमी थराला सव्वाचार लिटर, म्हणजे सात किलोच्या आसपास वाळू लागते. धुताना घट होते, म्हणून दहा किलो चाळून ठेवा. धुणं किती पुरे, हे अंदाजाने ठरवू नका. मूठभर वाळू काचेच्या बरणीत पाण्याबरोबर हलवा आणि चार-पाच सेकंद थांबा. वरचं पाणी तेवढ्यात स्वच्छ दिसत नसेल तर अजून धुवा, कारण ही भुकटी राहिली तर गाळणीतून निघणारं पाणी आत घातलेल्या पाण्यापेक्षाही गढूळ येईल.

भरताना तळाशी १०-१२ मिमीची धुतलेली खडी, तिच्यावर बारीक खडी, मग वाळू. पाइपात आधी पाणी घ्या आणि वाळू त्या पाण्यात सोडा. कोरडी भरली तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि प्रवाह विनाकारण मंदावतो.

आता कच्चं पाणी. काळी माती बादलीत कालवून रात्रभर ठेवा आणि वरचं पाणी नळाच्या पाण्याने पातळ करत त्याचा गढूळपणा ५० एनटीयूच्या आसपास आणा. सगळ्या गाळण्यांना एकाच पिंपातलं, अधूनमधून ढवळलेलं पाणी द्या. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात, बरेचसे वाळूतूनही निसटतात, हे आधीच धरून चला.

गढूळपणा मोजायचं नेफेलोमीटर आदल्या दिवशीच फॉर्मझिनच्या प्रमाण द्रावणांवर लावून ठेवा. काचनळी धरायला मऊ कापड हवं, कारण बोटाचा ठसा आणि आतला बुडबुडा दोन्ही प्रकाश विखुरतात आणि वाचन फुगवतात. नमुना हलकेच उलटासुलटा करून लगेच वाचा, ठेवून दिला तर कण खाली बसतात.

प्रवाहासाठी ५०० मिलीचा मोजपात्र-सिलिंडर आणि स्टॉपवॉच पुरे. मंद वाळू-गाळणीत पाणी उतरण्याच्या वेगाला ताशी ०.४ मीटर ही वरची मर्यादा धरली, तर या पाइपातून मिनिटाला ५७ मिली यायला हवेत. सिलिंडर भरायला जवळजवळ नऊ मिनिटं. समजा तो तीनच मिनिटांत भरला. मग वाळू तरी जाड आहे किंवा पाणी भिंतीकडून पळतंय. हे ओळखायला मीठ आणि टीडीएस पेन जवळ ठेवा. वाळूच्या फटींत साधारण पावणेदोन लिटर पाणी मावतं. वरून मिठाचं पाणी सोडल्यावर अर्धा लिटर बाहेर येण्याआतच टीडीएस वाढला, तर वाट भिंतीचीच. पाइप रिकामा करून पुन्हा भरणं एवढाच उपाय.

पहिलं पाच-सहा लिटर पाणी फेकून द्या, मगच नोंद सुरू करा. नोंदवहीत एका ओळीत वेळ, पाण्याची उंची, प्रवाह आणि आतलं-बाहेरचं गढूळपण असे रकाने आधीच आखा. हे आकडे एकाच वेळी घेतलेले हवेत. गढूळपण तेवढंच राहून प्रवाह घटत गेला, तर वरचा थर तुंबतोय. प्रवाह तोच राहून गढूळपण वाढलं, तर कण वाळूतून आरपार निघालेत. समजा ५० चं १२ एनटीयू झालं. ७६ टक्के घट झाली, तरी पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० याची १ एनटीयूची स्वीकार्य मर्यादा आणि दुसरा स्रोत नसतानाची ५ ची सवलत, दोन्ही लांबच आहेत. अहवालात टक्केवारीशेजारी हा मूळ आकडा लिहाच.

शेवटी एक पाटी: ‘पिण्यासाठी नाही’. नव्या वाळूवर जंतू अडवणारा जैविक थर तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि गढूळपणाच्या वाचनातून जंतूंचं काहीच कळत नाही. पाटी नळीच्या तोंडाशीच बांधा, कारण प्रदर्शनाच्या दिवशी स्वच्छ दिसणारं पाणी कोणीतरी ग्लासात धरतंच.