या चुका टाळा: केस हार्डन्ड गिअरची हार्डनेस तपासताना

हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमधली गोष्ट. दीड मॉड्यूलचे, २०एमएनसीआर५ स्टीलचे गिअर कार्बुरायझिंग होऊन आले होते. ड्रॉइंगवर सरफेस हार्डनेस ५८ ते ६२ एचआरसी आणि केस डेप्थ, म्हणजे विकर्स हार्डनेस ५५० एचव्हीपर्यंत उतरते तिथपर्यंतची वरच्या कडक थराची खोली, ०.३ ते ०.५ मिमी. इन्स्पेक्टरने गिअरच्या सपाट बाजूवर रॉकवेल सी घेतलं: ५३, ५४, ५३. टेस्ट ब्लॉक मात्र चोख दाखवत होता. तो वैतागून म्हणाला, "भाऊ, मशीन बरोबर आहे अन् जॉब खोटं बोलून राहिला." लॉट 'सॉफ्ट' म्हणून परत भट्टीत गेला. परत आला तेव्हा वाकलेला होता, आणि केस ०.७ मिमीच्या वर गेलेली. दीड मॉड्यूलच्या दाताची जाडी पिच सर्कलवर २.३६ मिमी असते आणि टोकाला याहून बरीच कमी. दोन्ही बाजूंनी इतकी केस आली की टोकाला मऊ गाभा उरतच नाही, आणि असा दात धक्का बसला की तुटतो. म्हणजे चांगला लॉट आपणच बिघडवला.

खोटं कोणीच बोलत नव्हतं. रॉकवेल सी मध्ये डायमंडचा कोन १५० किलोच्या भाराने आत जातो, आणि तो किती खोल गेला तेच मशीन मोजतं. एक एचआरसी म्हणजे ०.००२ मिमी. म्हणून ६० एचआरसीच्या कडक पृष्ठभागातसुद्धा ठसा १०० वजा ६०, म्हणजे ४० अंश, म्हणजे ०.०८ मिमी खोल जातो. आणि नियम असा की कडक थर ठशाच्या खोलीच्या किमान दहापट हवा. म्हणजे सुमारे ०.८ मिमी. आपल्याकडे होता ०.४ च्या आसपास. ठशाखालची केस गाभ्यात दबली, डायमंड जास्त खाली गेला आणि आकडा कमी आला. पातळ फरशी मऊ मातीवर टाकून वरून पहार मारावी, तसं झालं. फरशी कडकच होती.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच: ड्रॉइंगवर 'एचआरसी' लिहिलंय म्हणून मशीनवर सी स्केलच लावायचा. ड्रॉइंगवरची एचआरसी बहुतेक वेळा पृष्ठभागाची हार्डनेस सांगते, कशाने मोजावी ते नाही. केस डेप्थ आधी वाचा, मग भार ठरवा. त्याच डायमंडवर भार ६० किलो केला की रॉकवेल ए होतो. ६० एचआरसीचं स्टील तिथे साधारण ८१ दाखवतं, ठसा ०.०३८ मिमी, म्हणजे केस ०.३८ मिमी तरी हवी. आपल्या लॉटला हा स्केलसुद्धा अगदी काठावर बसतो. रॉकवेल १५एन मध्ये भार फक्त १५ किलो आणि एक अंश ०.००१ मिमीचा. ठसा जेमतेम १० मायक्रॉन, केस ०.१ मिमी असली तरी चालतं. ब्रिनेलचा विचार इथे करूच नका. दहा मिमीचा बॉल ३००० किलोने केसवर दाबणं म्हणजे तपासणी नाही, फोर्जिंग तपासायला तो ठीक.

त्याच लॉटमधला बाजूला ठेवलेला एक गिअर १५एन वर लावला: ८९.६, ८९.९, ८९.७. चार्टमध्ये हे सुमारे ५९ एचआरसी येतं. लॉट पासच होता.

पण १५एन ला भाव दिला की नवा घोळ सुरू होतो. ५८ एचआरसी तिथे ८९.३ आहे आणि ६२ एचआरसी ९१.१. चार एचआरसीचा सगळा पट्टा जेमतेम पावणेदोन अंशांत बसतो. म्हणजे अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर एक एचआरसीपेक्षा जास्त फरक. ठसा १० मायक्रॉनचा असेल तर टर्निंगच्या खुणा, भट्टीत धरलेली पापडी, बारीक बर यातलं काहीही मधे आलं तरी आकडा हलतो. बाजू बारीक पेपरने घासून घ्या, पण रेटून नव्हे, नाहीतर घासतानाच पृष्ठभाग गरम होऊन टेम्पर होईल. गिअरचा खालचा भाग आणि अ‍ॅन्व्हिल दोन्ही पुसा. जॉब बसल्यावरचं पहिलं रीडिंग मी नेहमी सोडतो. आणि रिपोर्टवर 'एचआरसी' लिहून मोकळे होऊ नका. मोजलेला आकडा एचआर१५एन मध्ये लिहा, रूपांतर केलंच असेल तर तेही बाजूला, तसं सांगून.

वाद मिटत नसेल तर दात कापून मायक्रो विकर्स करायचं. त्या गिअरवर आम्ही ५०० ग्रॅम भार घेतला. ७०० एचव्हीच्या आसपास या भाराने ठशाचा कर्ण सुमारे ३६ मायक्रॉन येतो आणि काठापासून त्याच्या अडीचपट, म्हणजे ०.०९ मिमी अंतर लागतं. एक किलो भार असता तर पहिला ठसा ०.१ मिमीवर घेता आला नसता. आकडे असे आले: ०.१ मिमीवर ६८५, ०.२ वर ६६०, ०.३ वर ६०५, ०.४ वर ५४०, ०.५ वर ४८०, पुढे गाभा ३८०. ५५० कुठे आहे? ०.३ ते ०.४ मध्ये आकडा ६५ ने उतरतो, त्यातले ५५ उतरले की ५५० येतं. म्हणजे ०.३ अधिक ०.०८५, सुमारे ०.३८५ मिमी. ड्रॉइंगच्या जवळजवळ मधोमध. ठसे एका रेषेत घेऊ नका, एकमेकांना लागतात. नागमोडी घ्या आणि अंतर पृष्ठभागापासून लंब मोजा.

इथे तीन ठिकाणी हात घसरतो. कटरने कोरडं कापलं तर जळून काठ मऊ दिसतो. पॉलिश करताना काठ गोलावला तर पहिले ठसे वेडेवाकडे येतात, म्हणून दात माउंट करूनच घ्या. आणि काप दाताला तिरका गेला तर केस उगाच जाड दिसते.

नागपुरात आणखी एक गोष्ट. मे महिन्यात लॅबमध्ये कूलर चालू, आणि तो मायक्रो विकर्सच्याच टेबलाला टेकलेला! थरथरीने ठसा मोठा होतो आणि हार्डनेस कमी दिसते. आमच्याकडे दुपारचे आकडे सकाळपेक्षा सतत २०-३० एचव्ही कमी येत होते. कूलर बंद केला आणि ते जागेवर आले. शिवाय आयएसओप्रमाणे ही चाचणी १० ते ३५ अंश सेल्सियसमध्ये व्हावी. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते होणं नाही, त्यामुळे काम सकाळीच उरकायचं आणि तापमान रिपोर्टवर टाकायचं.

शेवटचं, फ्लँकचं. सपाट बाजूवर मोजलेलं रीडिंग फ्लँकचं नसतं. फ्लँकवर ग्राइंडिंग होतं आणि दर बाजूला ०.१ मिमी गेलं तर ०.३८५ ची केस ०.२८५ राहते, म्हणजे खालच्या मर्यादेच्या बाहेर. त्यात ग्राइंडिंगने जळालेला भाग असेल तर सपाट बाजू ५९ दाखवत असतानाही फ्लँक मऊ असू शकतो. नायटल एचिंगने ते डाग दिसतात, रॉकवेलने नाही. आता आम्ही ग्राइंडिंगचा अलाउन्स आधी विचारतो आणि हीट ट्रीटमेंटवाल्याला केस डेप्थ तेवढी वाढवून सांगतो, तीही फ्लँकवर मोजलेली.