±३ टक्के म्हणजे नेमकं काय? निवडणूक चाचणी वाचताना या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की गावागावातल्या ग्रुपवर चाचण्यांचे आकडे फिरायला लागतात. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते : नमुना १०००, विश्वास पातळी ९५ टक्के, त्रुटीची मर्यादा ±३ टक्के. वाचणारा ती ओळ एक तर सोडून देतो, नाही तर 'म्हणजे चाचणी जास्तीत जास्त तीन टक्क्यांनी चुकेल' असा अर्थ लावतो. मी मराठवाड्यात अशा सर्वेक्षणांचे नमुने आखण्याचं काम करतो. हा दुसरा अर्थ मला जास्त काळजीत टाकतो.

एक काल्पनिक मतदारसंघ घेऊ. हजार जणांना विचारलं. ४२ टक्क्यांनी 'अ'चं नाव घेतलं, ३८ टक्क्यांनी 'ब'चं, आठ टक्के इतरांकडे, बारा टक्के म्हणाले 'अजून ठरलं नाही'. शंभरला हजाराच्या वर्गमुळाने भागलं की सव्वातीनच्या आत उत्तर येतं, तीच ही ±३ टक्क्यांची मर्यादा. म्हणून 'अ'चा पट्टा ३९ ते ४५ आणि 'ब'चा ३५ ते ४१. या पट्ट्यालाच कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात.

आता ९५ टक्के. मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून नवे नवे हजार लोक काढले, असं शंभर वेळा केलं आणि दर वेळी असा पट्टा आखला, तर साधारण ९५ वेळा खरा आकडा पट्ट्यात सापडेल. हा भरवसा पद्धतीचा आहे. आपल्या हातातला एक पट्टा त्या ९५ मधला की उरलेल्या पाचांतला, हे पट्ट्याकडे पाहून कळत नाही. आणि सगळा हिशेब 'चिठ्ठ्या टाकून काढले' या शब्दांवर उभा आहे.

पहिली चूक : आघाडीलाही तीच मर्यादा लावणं

'अ' चार टक्क्यांनी पुढे, मर्यादा तीन, म्हणजे 'अ' नक्की जिंकणार. हा हिशेब मी शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकतो. पण ±३ ही एकेकाच्या टक्केवारीची मर्यादा आहे, दोघांमधल्या फरकाची नाही. नमुन्यात योगायोगाने 'अ'चे दहा लोक 'ब'च्या जागी आले तर 'अ'चे दहा कमी होतात आणि 'ब'चे दहा वाढतात, म्हणजे फरक विसाने हलतो. म्हणून आघाडीची मर्यादा जवळपास दुप्पट असते. या उदाहरणात ती साडेपाच टक्के भरते. चारची आघाडी म्हणजे उणे दीडपासून साडेनऊपर्यंत काहीही. 'अ' पुढे असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं म्हणता येतं. 'बरोबरीत आहेत' म्हणणंही चूक आणि 'जिंकला' म्हणणंही चूक.

२०२४ च्या लोकसभेला बीडमध्ये बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. फरक एकूण मतांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. एवढी बारीक आघाडी नमुन्यातून ओळखायची तर दीड लाखाहून जास्त लोकांना विचारावं लागलं असतं. हजारांच्या चाचणीने अशा ठिकाणी विजेता सांगितला आणि तो बरोबर निघाला, तरी त्यात चाचणीचं श्रेय फारसं नाही.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे तुकडे पाडून वाचणं. लोकसभेच्या हजार नमुन्याचे सहा विधानसभा क्षेत्रांत भाग केले की प्रत्येकी १६५-१७० माणसं उरतात, आणि मर्यादा साडेसात टक्क्यांच्या पुढे जाते. 'अमुक तालुक्यात वारं फिरलं' ही बातमी बहुतेक वेळा अशाच तुकड्यावर उभी असते.

दुसरी चूक : हजार माणसं म्हणजे हजार वेगळी मतं समजणं

यादीतले हजार मतदार हजार ठिकाणी विखुरलेले असतात. प्रत्येकाकडे जायचं तर जीप आणि डिझेल परवडत नाही. म्हणून चाळीस गावं निवडतात आणि प्रत्येक गावात पंचवीस जणांना विचारतात. पण एका गावातली, एका वाडीतली, एका भावकीतली माणसं पुष्कळदा एका बाजूला झुकतात. विसाव्या माणसाकडून नवं असं थोडंच कळतं.

हे साम्य अगदी माफक धरलं, शून्य ते एक या मोजपट्टीवर ०.०५, तरी हजार उत्तरांची किंमत साडेचारशे सुट्या उत्तरांएवढी उरते. मग मर्यादा तीनची साडेचारच्या पुढे जाते आणि आघाडीची आठच्या पुढे. तरी छापताना पुष्कळदा वर्गमुळाचा साधा हिशेब करून ±३ लिहून टाकतात. गावं किती होती हे दिलं नसेल, तर ती मर्यादा कमीच सांगितलेली आहे असं समजून वाचा.

तिसरी चूक : जे लोक सापडलेच नाहीत त्यांची भरपाई ±३ मध्ये झाली असं धरणं

इथे मला थांबून सांगायचंय, कारण मराठवाड्यात हीच चूक सगळ्यांत महाग पडते.

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावर आमची सर्वेक्षक मुलगी टॅब घेऊन गेली. यादीतलं पहिलं घर कुलूपबंद. दुसऱ्या घरी म्हातारी म्हणाली, "पोरं ऊसतोडीला कारखान्यावर गेलीत, आता गुढीपाडव्यालाच." तिसरं पुन्हा कुलूप. ज्या संस्थेसाठी काम चाललं होतं तिचा नियम होता, घर बंद असेल तर शेजारचं घ्या. शेजारी ट्रॅक्टरवाल्याचं पक्कं घर होतं. तिथे चहा मिळाला, उत्तर मिळालं, पंचवीसचा कोटा संध्याकाळच्या आत भरला. कागदावर नमुना पूर्ण झाला, पण कुलूपबंद घरांच्या जागी वेगळ्याच परिस्थितीतली माणसं बसली.

याचा परिणाम आकड्यात पाहा. समजा १५ टक्के मतदार असे बाहेर आहेत, आणि त्यांच्यात 'अ'ला ३० टक्के, 'ब'ला ५० टक्के पाठिंबा आहे. घरी सापडलेल्यांत ४२ आणि ३८ आहेच. दोन्ही एकत्र केले की 'अ' ४०.२ आणि 'ब' ३९.८. चारची आघाडी पाव-अर्ध्या टक्क्यावर आली. हजाराऐवजी दहा हजार घरं केली असती तर मर्यादा ±१ वर उतरली असती, पण चूक तिथेच राहिली असती. चुकीचा आकडा फक्त जास्त ठामपणे छापला गेला असता.

अमेरिकेत १९३६ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हेच घडलं. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त उत्तरं आली होती. त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं, आणि रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून घेतले होते, आणि उत्तर पाठवणारे लोकही न पाठवणाऱ्यांसारखे नव्हते.

दारात काय घडतं तेही या मर्यादेबाहेरचं. बाई "मालकाला विचारा" म्हणते आणि तिच्या नावापुढे मालकाचं मत नोंदवलं जातं. पारावर पाच जण उभे असताना माणूस गावाला रुचेल तेच नाव घेतो. प्रश्नात आधी योजनेचा उल्लेख केला तर पुढचं उत्तर सरकारकडे कलतं. आणि ते बारा टक्के 'ठरलं नाही' वाले शेवटच्या दोन दिवसांत ठरवतात. काही जण छापताना त्यांना वगळून उरलेल्यांचे शंभर टक्के करतात, त्यामुळे ४२ चे जवळपास ४८ होतात.

वजनं देऊन, म्हणजे स्त्रिया, वयोगट, जाती यांचं प्रमाण खऱ्या लोकसंख्येशी जुळवून, यातलं थोडं सुधारता येतं. पण तांड्यावर राहिलेल्या म्हातारीचं मत दुपटीने मोजलं म्हणून कारखान्यावर गेलेल्या तिच्या मुलाचं मत कळत नाही.

म्हणून चाचणी हाती आली की मी आधी तारीख बघतो, ऊसतोडीला लोक जायच्या आधीची की नंतरची. मग गावांची संख्या. मग शोधतो की किती दारं ठोठावल्यावर हजार उत्तरं मिळाली आणि बंद घरांचं काय केलं. हा शेवटचा आकडा क्वचितच छापलेला असतो. दिला नसेल, तर संस्थेला ईमेल करून मागा. प्रत्यक्ष फिरून काम केलेल्या संस्थेच्या नोंदीत तो असायला हवा.