शहरातच फिरणाऱ्या डिझेल गाडीत डीपीएफचा दिवा लागल्यास काय करावे

एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर आलेल्या डिझेल मोटारींच्या सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ ही जाळी असते. तिच्यात साठलेली काजळी सुमारे 600 अंश सेल्सिअसला जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते; यालाच रिजनरेशन म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात सिडको ते उस्मानपुरा एवढीच फेरी करून गाडी बंद केली, की हे काम दर वेळी अर्धवट राहते आणि न जळलेल्या डिझेलचा काही भाग इंजिन ऑइलमध्ये उतरतो.

म्हणून पिवळा दिवा लागताच गाडी हायवेवर पळवण्याआधी ऑइल तपासावे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पट्टी पुसून पुन्हा घालावी. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइल पातळ होऊन त्याला डिझेलचा वास येत असेल, तर आधी ऑइल व फिल्टर बदलावा. असे ऑइल इंजिनाच्या बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही, हे मी आग्रहाने सांगतो. नवे ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कमी राखेच्या प्रतीचेच असावे.

पातळी ठीक असेल, दिवा स्थिर असेल आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला नसेल, तर टाकी निदान पाव भरलेली ठेवून जालना रस्त्याने चिकलठाण्याची गर्दी मागे टाकावी. पुढे वेगमर्यादा पाळून साधारण 60 ते 80 च्या वेगाने, एक गिअर खाली ठेवून, दोन ते अडीच हजार आरपीएमवर वीस-पंचवीस मिनिटे न थांबता चालवावी. या काळात सिग्नलला थांबल्यास आयडल आरपीएम वाढलेला दिसतो, पंखा जोरात फिरतो आणि गरम धातूसारखा वास येतो. अशा वेळी गाडी बंद करू नये, वाळलेल्या गवतावर किंवा सोयाबीनच्या भुसकटावर तर मुळीच उभी करू नये.

आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचा दिवा करमाडपर्यंत जाऊन आल्यावरही विझला नाही. स्कॅनर लावल्यावर एक्झॉस्टच्या तापमानाचा सेन्सर बिघडल्याचे कळले. तापमानाची खात्री नसल्याने गाडीचा संगणक रिजनरेशन सुरूच होऊ देत नव्हता, त्यामुळे कितीही किलोमीटर चालवून उपयोग नव्हता. मेकॅनिकने सेन्सर बदलला, स्कॅनरवरून उभ्या गाडीत रिजनरेशन करून घेतले आणि शेवटी ऑइल बदलले.

दिवा लुकलुकू लागला किंवा गाडी ओढेनाशी झाली, तर मात्र हायवेचा प्रयत्न न करता सरळ वर्कशॉप गाठावे. तेथे काजळीचे प्रमाण आणि जाळीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक विचारावा. काजळी जळूनही हा फरक जास्तच राहिला आणि दाबाचा सेन्सर व त्याच्या नळ्या ठीक असल्या, तर जाळीत राख भरली आहे. राख जळत नाही, त्यामुळे जाळी काढून साफ करणे किंवा बदलणे एवढेच उरते.